पंपात खडे कोठून आले?

भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटाची सवय झालेल्या माणसाला दुसरा कोणताही आवाज सहसा खटकत नाही. तरीही काही वर्षांपूर्वी तिथल्या एका सायझिंगच्या कारखान्यात एक आवाज सगळ्यांना खटकू लागला होता. सायझिंगमध्ये विणण्यापूर्वी ताण्याच्या सुताला खळ देतात आणि ते सूत वाफेने तापवलेल्या रुळांवरून फिरवून वाळवतात. वाफेसाठी बॉयलर लागतो आणि बॉयलरला पाणी पुरवायला पंप लागतो. आवाज या पंपातून येत होता. पत्र्याच्या डब्यात मूठभर खडे घालून तो जोरात हलवावा, तसा.

तिथल्या अनुभवी फिटरने पंप उघडला. ‘साहेब, नक्की खडी गेली असणार,’ असे त्यांचे म्हणणे होते. आत एकही खडा सापडला नाही. मात्र पंपाच्या पंख्याला, म्हणजे इम्पेलरला, पात्यांच्या सुरुवातीजवळ किडलेल्या दातासारखे खड्डे पडलेले होते. पाणी खराब असेल, गंज चढला असेल, असे म्हणून नवा इम्पेलर बसवला. काही महिन्यांनी आवाज तसाच आणि खड्डेही त्याच जागी. दुसरा इम्पेलर बसवला, त्याचीही तीच गत झाली. तिसरा आणण्यापूर्वी मालकांनी ओळखीतून मला बोलावले, म्हणून हा प्रकार मला जवळून पाहायला मिळाला.

या दुखण्याचे नाव कॅव्हिटेशन. मराठीत त्याला पोकळीभवन म्हणता येईल. या कारखान्यात ज्या चुका झाल्या, नेमक्या त्याच चुका शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या अभियंत्यांनीही केल्या होत्या. नसलेल्या खड्यांचा शोध कसा लागला, याची हकीगत म्हणूनच सांगण्यासारखी आहे.

पंप पाणी ओढत नाही

सुरुवात इटलीतल्या एका हौदापासून करावी लागेल. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गॅलिलिओने एका पंपाची गोष्ट सांगितली आहे. हौदातले पाणी ठरावीक पातळीखाली गेले की पंप पाणी देईनासा होई. पंप बिघडला असे वाटून त्याने कारागिराला बोलावले. कारागीर म्हणाला, पंपात काही दोष नाही. अठरा हातांपेक्षा खोल असलेले पाणी कोणताही पंप वर ओढू शकत नाही. हे अंतर सुमारे दहा मीटर भरते. गॅलिलिओला वाटले, लांब दोरी जशी स्वतःच्या वजनाने तुटते तसा पाण्याचा खांबही तुटत असावा.

खरे कारण त्याचा शिष्य तोरिचेल्ली याने १६४४ साली सांगितले. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. नळीतली हवा काढून घेतली की बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. समुद्रसपाटीला हा दाब सुमारे १०.३ मीटर उंचीच्या पाण्याच्या खांबाला तोलून धरतो. तेवढी उंची गाठली की ढकलणाऱ्याची ताकद संपली.

शाळेत हे आपण शिकवतो, पण पंपापाशी उभे राहिलो की विसरतो. आजचे बहुतेक पंप केंद्रोत्सारी म्हणजे सेंट्रिफ्यूगल असतात. त्यात वेगाने फिरणारा पंखा पाण्याला परिघाकडे भिरकावतो. पाणी मधून बाहेर गेल्यामुळे पंख्याच्या मध्यभागी, ज्याला पंपाचा ‘डोळा’ म्हणतात तिथे, दाब कमी होतो. हौदावरची हवा मग नळीतून पाणी त्या डोळ्याकडे ढकलते. म्हणजे पुढचे काम पंप करतो, मागचे काम वातावरण करते. पंपाची मोटर कितीही मोठी बसवली तरी मागची ताकद वाढत नाही. ती १०.३ मीटरच राहते आणि महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी तर ती दीड मीटरने आणखी कमी भरते.

यातही एक मेख आहे. पाणी पात्याच्या कडेवरून वळून आत शिरते तेव्हा पात्याच्या पाठीमागच्या अंगाला त्याचा वेग एकदम वाढतो आणि दाब आणखी खाली जातो. नळीवर लावलेला दाबमापक हा सर्वांत कमी दाब दाखवत नाही, कारण तो बिंदू आत, पात्याच्या पाठीवर, काही मिलिमीटरांच्या जागेत असतो. दुखणे तिथेच सुरू होते.

थंड पाण्याचे उकळणे

पाणी शंभर अंशांना उकळते, हे वाक्य अर्धे आहे. भोवतालचा दाब पाण्याच्या बाष्पदाबाइतका खाली आला की पाणी उकळते, हे पूर्ण वाक्य. ३० अंश तपमानाला पाण्याचा बाष्पदाब पाण्याच्या खांबात मोजला तर जेमतेम ०.४ मीटर भरतो. दाब तिथपर्यंत उतरला तर ३० अंशांचे पाणीही उकळू लागते. वर्गात हे दाखवायला एक प्लास्टिकची सुई नसलेली सिरिंज पुरते. तिच्यात थोडेसे कोमट-गरम, हाताला सोसेल त्यापेक्षा जरा जास्त तापलेले पाणी घ्यावे, आतली हवा काढून टाकावी, तोंड बोटाच्या टोकाऐवजी रबरी बुचाने बंद करावे आणि दट्ट्या जोरात मागे ओढावा. पाण्यात बुडबुडे उसळतात. दट्ट्या सोडला की नाहीसे होतात. पहिल्या ओढीला विरघळलेली हवाही बाहेर येते, ती काढून टाकून पुन्हा ओढले तर वाफेचे बुडबुडे अधिक स्पष्ट दिसतात.

वाहत्या पाण्यात असे घडते हे मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८९४ साली प्रयोगाने दाखवले. त्याने मध्ये चिंचोळी केलेली काचेची नळी घेतली आणि तिच्यातून पाणी सोडले. चिंचोळ्या जागी वेग वाढला, दाब घटला, आणि साध्या तपमानाचे पाणी उघड्या नळीत उकळताना दिसले. त्याबरोबर सू-सू असा स्पष्ट आवाजही आला. अर्धवट बंद केलेल्या नळातून येणारी शीळ आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. तिच्यात पुष्कळदा याच उकळण्याचा वाटा असतो.

गणिती ऑयलरने असा धोका १७५४ च्या सुमारासच, फिरत्या जलयंत्रांचे गणित मांडताना, कागदावर ओळखला होता. पण त्या काळची यंत्रे मंद फिरणारी होती. त्यामुळे तो इशारा कोणाच्या कामाला आला नाही. १८९० नंतर जहाजांचे पंखे वेगाने फिरू लागले तेव्हा मात्र तो प्रत्यक्षात उतरला. ‘डेअरिंग’ नावाच्या ब्रिटिश विनाशिकेच्या चाचणीत इंजिन पुरेशी शक्ती देत होते, तरीही जहाज अपेक्षित वेग घेईना. थॉर्निक्रॉफ्ट आणि बार्नबी यांनी १८९५ साली याचे कारण सांगितले. पंख्यावर इतका भार येत होता की पात्यांच्या पाठीमागे पाणी टिकत नव्हते, तिथे पोकळ्या तयार होत होत्या. पात्यांचा पृष्ठभाग वाढवल्यावर अडचण दूर झाली. या घटनेला ‘कॅव्हिटेशन’ हा शब्द रॉबर्ट एडमंड फ्राउड याने सुचवला.

त्याच सुमारास चार्ल्स पार्सन्सच्या ‘टर्बिनिया’ या वाफेच्या टर्बाइनवर चालणाऱ्या नौकेचीही अशीच फजिती झाली. पार्सन्सने मग पाणी फिरवणारी एक छोटी बंदिस्त नळी बनवली, तिच्यात छोटा पंखा बसवला आणि लुकलुकत्या प्रकाशात तो पाहिला. पात्यांना चिकटलेल्या पोकळ्या डोळ्यांना दिसल्या. कॅव्हिटेशन पाहण्यासाठी बनवलेले ते पहिले उपकरण. पुढे त्याने एका पंख्याचा भार तीन दांड्यांवरच्या नऊ पंख्यांत वाटून दिला आणि १८९७ साली ‘टर्बिनिया’ ३४ नॉटच्या वेगाने धावली.

किटलीचे गाणे आणि एक गणित

इथपर्यंत पोकळ्या सापडल्या होत्या, पण खड्डे समजले नव्हते. जलद जहाजांच्या पितळी पंख्यांना अल्पावधीत खोल खड्डे पडत. समुद्राचे पाणी खारे, तेव्हा हे गंजणेच, असा पुष्कळांचा समज होता. भिवंडीच्या कारखान्यात ऐकलेला तर्कही हाच होता. वाफेच्या मऊ बुडबुड्याने धातू फोडावा, हे कोणाला पटणार?

उत्तर किटलीत होते. चहाचे आधण ठेवले की उकळी फुटण्यापूर्वी ते ‘गाऊ’ लागते. तळाशी तयार झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या थंड पाण्यात शिरतात, त्यांच्यातली वाफ पुन्हा पाणी होते आणि बुडबुडे मिटतात. हा आवाज त्या मिटण्याचा असतो. उकळी नीट फुटल्यावर बुडबुडे न मिटता पृष्ठभागापर्यंत पोचतात, म्हणून आवाज उलट कमी होतो. रेनॉल्ड्सने किटलीच्या आवाजाचे हे वर्णन केले होते. ते वाचताना लॉर्ड रॅले या प्रश्नाकडे वळला. पार्सन्सही जहाजांच्या पंख्यांसाठी याच प्रश्नामागे होता हे त्याला कळले आणि १९१७ साली रॅलेने आपले गणित प्रसिद्ध केले.

गणित असे. पाण्यात एक गोल पोकळी आहे आणि भोवती वातावरणाएवढा दाब आहे. आत प्रतिकार करणारे काही नाही. पोकळी चारी बाजूंनी मिटू लागते. आत येणाऱ्या पाण्याला जागा सतत कमी पडत जाते, म्हणून त्याचा वेग अखेरीस प्रचंड वाढतो. सुरुवातीला खूप पाण्यात विखुरलेली ऊर्जा शेवटी एका ठिपक्यात एकवटते. पोकळीची त्रिज्या मूळच्या एक-विसांश झाली की तिच्याजवळच्या पाण्यातला दाब सुमारे १,२६० वातावरणे होतो, असे रॅलेला आढळले. एक मिलिमीटर त्रिज्येची पोकळी मिटायला लागणारा वेळही त्याच्या सूत्रावरून काढता येतो. तो एका सेकंदाच्या सुमारे दहा-हजाराव्या भागाइतका आहे.

रॅलेची पोकळी पूर्ण गोल होती आणि भिंतीपासून दूर होती. पात्याला लागून असलेला बुडबुडा तसा मिटत नाही. भिंतीच्या बाजूने पाणी यायला वाट नसते, म्हणून दुसऱ्या बाजूचे पाणी आधी आत घुसते. बुडबुड्याच्या पाठीला खळगा पडतो, तो बुडबुड्याच्या आरपार जातो आणि पाण्याची बारीक धार थेट धातूवर आदळते. अशी धार असावी, अशी कल्पना कॉर्नफेल्ड आणि सुवोरोव यांनी १९४४ साली मांडली. १९६० च्या दशकात अतिजलद छायाचित्रांत ती दिसली. तिचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या घरात जाऊ शकतो. त्या वेगाने आदळणारे पाणी क्षणभर हजार-दीड हजार वातावरणांचा दाब देते. एका माराने काही होत नाही. पण एकाच जागी लाखो मार बसले की धातू थकतो, त्याचे कण सुटतात आणि खड्डा पडतो. गंज लागणारा धातू असेल तर त्यावरचे संरक्षक पापुद्रेही उडतात आणि गंजाला ताजा धातू मिळतो. म्हणजे गंजाचा तर्क अगदीच खोटा नव्हता. गंज इथे मागून येणारा साथीदार होता.

आता खड्यांच्या आवाजाचा उलगडा होतो. पात्याच्या पाठीवर दाब घटला की बुडबुडे जन्मतात. प्रवाह त्यांना थोडे पुढे नेतो. तिथे दाब पुन्हा वाढलेला असतो आणि ते मिटतात. प्रत्येक मिटणे म्हणजे एक टिचकी. असंख्य टिचक्या अनियमितपणे पंपाच्या बिडाच्या कवचावर वाजल्या की आपल्याला आत खडे फिरताहेत असे वाटते. बुडबुडे जिथे जन्मतात तिथे नव्हे, तर जिथे मिटतात तिथे खड्डे पडतात, हेही यातून कळते.

आवाज ऐकायचा, खड्डे वाचायचे

कारखान्यात मी आधी कान वापरला. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक पंपाच्या कवचाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. बेअरिंग खराब असेल तर आवाज बेअरिंगच्या घराशी मोठा असतो आणि फेऱ्यांच्या तालात येतो. इथे आवाज पंपाच्या तोंडाशी, सक्शनच्या बाजूला मोठा होता आणि त्याला ताल नव्हता.

मग फिटरना पंपाच्या पुढच्या, डिलिव्हरीच्या बाजूचा व्हॉल्व्ह हळूहळू थोडा आवळायला सांगितला. पाण्याचा प्रवाह कमी झाला तसा आवाज विरत गेला. हा या रोगाचा चांगला दाखला आहे. प्रवाह कमी झाला की नळीतले घर्षण घटते, पंपाच्या डोळ्याशी वेगही घटतो आणि दाब सावरतो. बेअरिंगच्या आवाजाला असा फरक पडत नाही. मागचा, सक्शनचा व्हॉल्व्ह आवळला असता तर आवाज उलट वाढला असता. प्रवाह कमी करायचा असेल तर तो नेहमी पुढच्या बाजूने करावा, याचे कारण हेच. मात्र पुढचा व्हॉल्व्हही फार आवळून चालत नाही. अगदी कमी प्रवाहात पाणी पंख्याच्या तोंडाशीच उलटसुलट घुमू लागते, तापते, आणि तिथे नव्या पोकळ्या होतात.

जुने इम्पेलर अडगळीत ठेवलेले होते. वाळूने झिजलेल्या पात्यावर गुळगुळीत, प्रवाहाच्या दिशेने गेलेल्या खाचा दिसतात. साधा गंज सगळीकडे कमीजास्त पसरतो. या दोन्ही इम्पेलरवर पात्यांच्या पाठीवर, तोंडापासून थोड्या अंतरावर, स्पंजासारखा खडबडीत पट्टा होता आणि बाकीचे पाते चांगले होते. सगळ्या पात्यांवर तो एकाच जागी होता.

दाबाचा जमाखर्च

पंपाला त्रास का झाला हे घरच्या जमाखर्चासारखे मांडता येते. सगळे आकडे पाण्याच्या मीटरांत घ्यायचे. जमेला दोन रकमा येतात, टाकीवरच्या हवेचा दाब आणि टाकीतले पाणी पंपाच्या मध्यापेक्षा जितके उंच असेल तितकी उंची. खर्चालाही दोन येतात, नळी, बाक आणि गाळणी यांतले घर्षण आणि पाण्याचा स्वतःचा बाष्पदाब. बाष्पदाब खर्चात धरायचा, कारण दाब तिथपर्यंत उतरला की पाणी उकळणारच. तेवढी रक्कम हात न लावता ठेवावी लागते. शिल्लक राहते ती पंपाला उपलब्ध. पंपाच्या पात्यावरून पाणी शिरताना दाब किती उतरेल, म्हणजे पंपाला किती शिल्लक हवी, ते पंप बनवणारा चाचणी करून त्याच्या कागदावर देतो. जलयंत्रांसाठी असा हिशेब पद्धतशीरपणे मांडण्याची सुरुवात १९२० च्या दशकात म्युनिकच्या डीटर थोमाने टर्बाइनांच्या अभ्यासात केली.

या पंपाची गरज ४ मीटरची होती. टाकीतले पाणी पंपापेक्षा ०.८ मीटर उंच होते आणि नळीतले घर्षण सुमारे ०.६ मीटर होते. पंप बसवला तेव्हा टाकीत नळाचे ३० अंशांचे पाणी येई. त्या वेळचा हिशेब असा. हवेचे १०.४, उंचीचे ०.८, त्यातून घर्षणाचे ०.६ आणि बाष्पदाबाचे ०.४ वजा केले की १०.२ मीटर उरतात. गरज चारची आणि शिल्लक दहाची. काळजीचे कारणच नव्हते.

मग इंधन वाचवण्यासाठी एक चांगली सुधारणा झाली. रुळांतून निघणारे वाफेचे गरम पाणी, म्हणजे कंडेन्सेट, आधी गटारात जाई. ते टाकीत परत आणले. टाकी ८० अंशांपर्यंत तापू लागली. या तपमानाला बाष्पदाब ५ मीटर होतो. पाणी हलके झाल्याने हवेचा दाब मीटरांत १०.६ भरतो. शिल्लक उरली ५.८ मीटर. पंप अजूनही शांत होता. दुपारी सगळी यंत्रे चालू असली की मात्र टाकी ९० अंशांवर जाई. दहाच अंश वाढले, पण बाष्पदाब ५ वरून ७.४ मीटर झाला. १०.७ आणि ०.८ मिळून ११.५. त्यातून ०.६ आणि ७.४ गेले, उरले ३.५. गरज ४ ची. खडे वाजू लागले.

आवाज दुपारीच का येतो, हे तेव्हा उलगडले. गाळणी उघडली तर ती सुताच्या तंतूंनी आणि खळीच्या चिकट थराने अर्धी बुजलेली निघाली. तेव्हा ०.६ हा घर्षणाचा आकडा स्वच्छ गाळणीचा होता, प्रत्यक्ष खर्च त्याहून जास्तच असणार. इम्पेलर दोनदा बदलला, पण जमाखर्चातली एकही रक्कम बदलली नव्हती. मग तिसऱ्या इम्पेलरने काय वेगळे केले असते?

इथे एक गोष्ट सांगायला हवी. फार गरम पाण्यात बुडबुड्यांतली वाफ दाट असते आणि तिचे पाणी व्हायला तिची उष्णता बाहेर जावी लागते. त्यामुळे बुडबुडे काहीसे मवाळपणे मिटतात. तेवढीच तूट थंड पाण्यात असती तर इम्पेलर आणखी लवकर गेला असता.

इलाज मागच्या बाजूला

इलाज जमाखर्चातूनच निघतो. जमा वाढवा, खर्च कमी करा किंवा गरज कमी असलेला पंप घ्या. त्या कारखान्यात टाकी २ मीटरने वर चढवली. लोखंडी चौकट आणि थोडी नळी, एवढाच खर्च. ९० अंशांनाही शिल्लक ५.५ मीटर झाली. नळीचा व्यास वाढवला, पंपाच्या तोंडाशी असलेला एक अनावश्यक बाक काढला आणि गाळणी ठरलेल्या दिवशी साफ करायची असे ठरले. कंडेन्सेट पुन्हा गटारात सोडण्याची गरज पडली नाही. तिसरा इम्पेलर बसला आणि दुपारचा खडखडाट थांबला.

शेतकऱ्यांना हा इलाज न शिकवता ठाऊक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसवलेल्या किर्लोस्करवाडीत १९२६ साली सेंट्रिफ्यूगल पंप बनू लागले आणि पुढे असे पंप महाराष्ट्रातल्या विहिरींवर पोचले. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली गेले की काठावरचा पंप पाणी सोडतो. मग शेतकरी पंप विहिरीतल्या खालच्या टप्प्यावर उतरवतो. पंप पाण्याच्या वर असतो तेव्हा उंचीची रक्कम जमेऐवजी खर्चात जाते. पंप उतरवणे म्हणजे तो खर्च कमी करणे. पुढच्या बाजूला पाणी जास्त चढवावे लागले तरी चालते, ते काम मोटरचे आहे.

हीच गोष्ट भिवंडी तालुक्यात फार मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळते. भातसा नदीवर पिसे येथे बंधारा आहे. त्याने अडवलेले पाणी पंपांनी उचलून पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्राकडे आणि तिथून मुंबईकडे जाते. नदी वाहतीच असताना बंधारा कशाला, असे विद्यार्थी विचारतील. पाणी साठून राहणे हे त्याचे एक काम. पंपांच्या तोंडाशी पाण्याची पातळी ठरलेल्या उंचीवर धरून ठेवणे हेही तितकेच महत्त्वाचे काम. डिसेंबर २०२४ मध्ये या बंधाऱ्याच्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या दरवाजात बिघाड होऊन पाणी वाहून गेले, तेव्हा मुंबईला काही दिवस १५ टक्के पाणीकपात सोसावी लागली. पंपांची शक्ती तीच होती, नदीही तीच होती. मागच्या बाजूची पातळी मात्र राहिली नव्हती, आणि पातळी उतरली की पंपांकडून पूर्वीइतके पाणी मागता येत नाही.

कठीण धातूचा इम्पेलर हा इलाज नव्हे. बिडापेक्षा कासे टिकते आणि कास्यापेक्षा क्रोमियम-निकेलचे पोलाद पुष्कळ जास्त टिकते, हे खरे. पण त्याने मुदत वाढते, मार थांबत नाही.

शेवटी एका फसव्या आकड्याविषयी. पंपाची ‘गरज’ म्हणून कागदावर जो आकडा असतो तो सर्वसाधारण संकेताने असा ठरवतात: मागचा दाब कमी करत जायचे आणि पंपाची पाणी चढवण्याची उंची ३ टक्क्यांनी घटली की तो आकडा टिपायचा. म्हणजे त्या आकड्याला पोकळ्या सुरू होत नाहीत. त्या वेळी त्या इतक्या वाढलेल्या असतात की पंपाचे कामही बिघडू लागते. पहिले बुडबुडे त्याच्या बरेच आधी आलेले असतात आणि कानाला ऐकू येण्याआधीही ते धातूला टोचत असू शकतात. म्हणून ४ मीटर गरजेच्या पंपाला ४ मीटर देऊन थांबू नये. किती जादा द्यावे हे पंपाच्या जातीवर आणि वेगावर ठरते, पण शिल्लक आणि गरज यांत मोकळी जागा हवीच.

त्या कारखान्यात टाकी वर चढवल्यानंतर फिटरनी तपमापक टाकीवर कायमचा बसवून घेतला आणि ९० च्या आकड्यापाशी लाल रेघ मारली. रेघेच्या वर काटा गेला की ते टाकीत थोडे थंड पाणी सोडतात. दोन खराब इम्पेलरांपैकी एक त्यांनी भंगारात दिला. दुसरा पंपाशेजारी खिळ्याला टांगलेला आहे. नवीन मुलगा कामाला आला की ते त्याला त्या पात्यांच्या पाठीवरून बोट फिरवायला लावतात आणि विचारतात, ‘सांग, हे खडे कोठून आले?’